‘उवाच’ मराठीत कसे म्हणावे?
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत वाचकगटातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या वाचकगटाने यंदा महाभारताच्या वनपर्वातले सावित्रीचे आख्यान मूळ संस्कृतावरून मराठीत आणले. ते छापण्यासाठी नव्हे, तर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होते. गटात संस्कृत शिकवलेल्या दोन निवृत्त शिक्षिका आहेत, बाकी आम्ही बँका, रेल्वे आणि घरसंसार यांतून मोकळे झालेले लोक. काम सुरू करताना आम्हाला वाटले होते की अडचण अवघड शब्दांची येईल. शब्दांसाठी कोश होते. खरा वेळ गेला तो एका अगदी सोप्या शब्दावर, आणि तो शब्द म्हणजे ‘उवाच’. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

‘उवाच’ म्हणजे ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’. गीतेचे पठण ऐकलेल्या प्रत्येकाला तो ओळखीचा आहे. ‘संजय उवाच’, ‘अर्जुन उवाच’, ‘श्रीभगवानुवाच’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. पठण करणारे हे शब्द वेगळ्या स्वरात म्हणतात, जरा थांबतात आणि मग श्लोकाला हात घालतात. ते थांबणे अगदी बरोबर आहे, कारण हे शब्द श्लोकाचा भाग नाहीत. अनुष्टुभाच्या चार चरणांत प्रत्येकी आठ अक्षरे असतात आणि ‘अर्जुन उवाच’ ही अक्षरे त्या बत्तिसांत मोजली जात नाहीत. नाटकाच्या संहितेत पात्राचे नाव डाव्या बाजूला लिहितात, तशी ही पाटी आहे. फरक इतकाच की नाटकातली पाटी कोणी उच्चारत नाही आणि ही मात्र मोठ्याने म्हटली जाते.

जुन्या पोथ्यांत अवतरणचिन्हे नव्हती. आपल्या छपाईत ती इंग्रजी पुस्तकांच्या वळणाने आली. मग ऐकणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला कोण बोलतो आहे हे कसे कळायचे? महाभारतात त्यासाठी मुख्यतः तीन सोयी आहेत. पहिली ही श्लोकाबाहेरची पाटी. दुसरी सोय श्लोकाच्या आतली: ‘अब्रवीत्’, ‘आह’, ‘प्रत्युवाच’ अशी क्रियापदे वृत्तात बसवलेली असतात. तिसरी सोय म्हणजे ‘इति’ हा छोटा शब्द. तो बोलणे संपले की येतो आणि ‘इथपर्यंत त्याचे शब्द’ असे सांगतो. बोलणे सुरू कुठे झाले हे मात्र ‘इति’ सांगत नाही. ते संदर्भावरून ओळखायचे.

या तिन्हींपैकी पाटी सगळ्यांत सैल. श्लोकातला शब्द बदलला तर वृत्त मोडते आणि ते लगेच कानाला खटकते. पाटी वृत्ताबाहेर असल्यामुळे तिला असे संरक्षण नाही. म्हणून निरनिराळ्या हस्तलिखितांत ती कुठे आहे, कुठे नाही, कुठे दुसऱ्याच नावाने आहे, असे पाठभेद आढळतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातले वनपर्व, म्हणजे आरण्यकपर्व, विष्णु सीताराम सुकठणकरांनी संपादित केले आहे. त्या आवृत्तीच्या तळटिपा चाळल्या तर असे फरक दिसतात. भाषांतर करणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: पाटीवर डोळे मिटून विसंबू नये, आतले संबोधन आणि आशय यांच्याशी ती ताडून पाहावी.

कथेच्या आत कथा

आता सावित्रीच्या आख्यानाकडे येऊ. यमाशी सावित्री बोलते हे आपल्याला माहीत आहे. पण हे आपल्याला सांगतो कोण? पांडव वनवासात आहेत. जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेण्याचा प्रकार नुकताच होऊन गेला आहे. युधिष्ठिर खिन्न मनाने मार्कंडेय ऋषींना विचारतो की द्रौपदीसारखी दुसरी पतिव्रता कधी झाली आहे का. उत्तर म्हणून मार्कंडेय सावित्रीची कथा सांगतात. हे संभाषण वैशंपायन जनमेजयाला सांगत आहे. आणि वैशंपायनाने जे सांगितले ते उग्रश्रवा सूत नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो आहे. म्हणजे यमाच्या तोंडचे एक वाक्य चार तोंडांतून आपल्यापर्यंत येते: यम, मार्कंडेय, वैशंपायन आणि सूत.

आजच्या छापील पद्धतीने हे लिहायचे तर एकाच्या आत दुसरे अशी अवतरणचिन्हांची चार आवरणे लागतील. मूळ ग्रंथ असे काही करत नाही. तिथे ‘यम उवाच’, ‘सावित्र्युवाच’ आणि ‘मार्कण्डेय उवाच’ या पाट्या एकाच पातळीवर एकीखाली एक येतात. कोणती कोणाच्या पोटात आहे हे पाटी दाखवत नाही.

आमच्या गटाला पहिला मोठा उलगडा इथे झाला. यमाचे बोलणे संपते आणि ‘मार्कण्डेय उवाच’ अशी पाटी येते. तिचे शब्दशः मराठी ‘मार्कंडेय म्हणाले’ असे होते. तसे वाचून दाखवले तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्या रानात यम आणि सावित्री यांच्याजवळ मार्कंडेयही उभे आहेत आणि मध्येच बोलू लागले आहेत. प्रत्यक्षात त्या पाटीचे काम निराळे आहे. ‘पात्राचे बोलणे संपले, आता पुन्हा निवेदन सुरू’ एवढेच तिला सांगायचे आहे. आज आपण हेच काम अवतरणचिन्ह बंद करून आणि नवा परिच्छेद सुरू करून करतो. म्हणून अशा जागी ‘मार्कण्डेय उवाच’चे योग्य मराठी म्हणजे नवा परिच्छेद. वाचनात तेच काम क्षणभराचा विराम आणि निवेदकाचा स्वर करतो.

याचा अर्थ मार्कंडेयांना गाळून टाकायचे असा नव्हे. ही कथा दुःखी युधिष्ठिराला सांगितली जाते आहे, आणि तीही द्रौपदीच्या छळानंतर, याला अर्थ आहे. म्हणून ती चौकट आम्ही आरंभी नीट उभी केली आणि शेवटी मार्कंडेय पुन्हा द्रौपदीकडे वळतात तिथे परत आणली. मधल्या भागात तिची आठवण फक्त संबोधनांतून राहते.

ही संबोधने नीट पाहावी लागतात. निवेदनाच्या मध्येच ‘राजन्’ येते. हा राजा कोण? नारद अश्वपतीच्या सभेत बोलत असतील तर तो अश्वपती. मार्कंडेय निवेदन करत असतील तर तो युधिष्ठिर. शब्द एकच, पण राजे दोन, आणि त्यांच्यामध्ये कितीतरी काळाचे अंतर. प्रत्येक ‘राजन्’पाशी थांबून ‘हे कोणाचे तोंड आणि कोणाचे कान?’ असा प्रश्न आम्ही विचारायचो. उत्तर युधिष्ठिर निघाले तर आम्ही ‘हे युधिष्ठिरा’ असे नाव घालायचो, किंवा वाक्याला गरज नसेल तर संबोधन गाळायचो. उत्तर अश्वपती निघाले तर ‘महाराज’ ठेवायचो. एवढ्याने ऐकणाऱ्यांचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

‘इति’ आणि आपले ‘म्हणून’

‘इति’विषयी बोलताना आपल्या हैदराबादेत बसून बोलण्याचा एक फायदा आहे. इथे चार भाषा कानावर पडतात आणि त्यांतल्या बहुतेकींजवळ ‘इति’सारखा शब्द आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी येतो म्हणून त्याने सांगितले.’ तेलुगूत हेच ‘नेनु वस्तानु अनि चेप्पाडु’ असे होते. ते ‘अनि’ तेलुगूतल्या ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून आले आहे, अगदी आपल्या ‘म्हणून’सारखे. कन्नडचा ‘एंदु’ही तसाच. कोकणीत ‘म्हण’ आहे: ‘हांव येतां म्हण ताणें सांगलें.’ आणि आपल्या गल्लीतली दखनी म्हणते, ‘आतूं बोलके बोल्या.’ उत्तरेची हिंदी बोलणाऱ्या पाहुण्याला हे ऐकून हसू येते, पण त्या ‘बोलके’ची घडण ‘म्हणून’ आणि ‘अनि’ यांच्यासारखीच आहे. या सगळ्यांत बोललेले शब्द आधी येतात आणि ‘हे बोललेले शब्द आहेत’ ही खूण मागून येते. ‘इति’ची रीतही हीच.

मराठीजवळ दुसराही रस्ता आहे, तो ‘की’चा. ‘त्याने सांगितले की मी येतो.’ इथे खूण आधी आणि शब्द मागून. म्हणजे भाषांतरकाराच्या हातात दोन्ही आहेत: मागून येणारे ‘असे’ किंवा ‘म्हणून’, आणि आधी येणारे ‘की’. कोणते कुठे वापरावे?

याचे उत्तर आम्हाला वाचून पाहिल्यावर मिळाले. बोलणे एका वाक्याचे असेल तर ‘असे’ फार गोड लागते. ‘परत जा, असे यम म्हणाला.’ पण बोलणे सहा-सात वाक्यांचे असेल आणि ‘असे सावित्री म्हणाली’ हे शेवटी आले तर उशीर होतो. ऐकणारा सहा वाक्ये चाचपडत असतो की हे यम बोलतो आहे की सावित्री. कागदावर डोळा पुढे धावून नाव शोधू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून लांब बोलण्याआधी बोलणाऱ्याचे नाव यायलाच हवे: ‘सावित्री म्हणाली,’ आणि मग तिचे शब्द. तिथे ‘की’सुद्धा लागत नाही. शेवटी ‘असे’ पुन्हा जोडण्याचे कारण नाही. मुळात पाटी आणि ‘इति’ दोन्ही असली तरी मराठीत एक खूण पुरते. दोन्ही ठेवल्या तर ‘यम म्हणाला की, परत जा, असे म्हणाला’ असे काहीतरी होऊन बसते.

यातून पुढची गोष्ट निघते. मराठीत ‘असे’ आणि ‘म्हणून’ लावले तरी बोलणाऱ्याचा ‘मी’ ‘मी’च राहतो. ‘मी येतो असे तो म्हणाला.’ इंग्रजी वळणाने आपण लिहू लागलो, ‘त्याने सांगितले की तो येईल.’ हा दुसरा ‘तो’ कोण? सांगणाराच की तिसराच कोणी? वर्तमानपत्रात हे चालून जाते. यम, सावित्री आणि निश्चेष्ट पडलेला सत्यवान अशी तीन माणसे प्रसंगात असताना ‘यमाने सांगितले की त्याचे आयुष्य संपले आहे’ या वाक्यातला ‘त्याचे’ यमाकडेही जाऊ शकतो. प्रत्यक्ष बोलणे तसेच ठेवले की हा घोळ उद्भवतच नाही.

पाच वर आणि एक न उच्चारलेले शब्द

प्रत्यक्ष बोलणे राखायचे ते नुसत्या सुबकपणासाठी नाही. या आख्यानाचा सगळा निकाल त्यावर लागतो.

वटपौर्णिमेच्या कथेत आपण बहुधा तीन वर ऐकतो. महाभारतात पाच आहेत. सत्यवान लाकडे तोडताना डोके दुखून सावित्रीच्या मांडीवर निजतो. यम येतो, त्याचा अंगठ्याएवढा प्राणपुरुष काढून दक्षिणेकडे निघतो आणि सावित्री मागे चालू लागते. ती धर्माविषयी बोलते, यम प्रसन्न होऊन वर देतो, ती आणखी बोलते, यम पुन्हा वर देतो. पहिल्या वराने ती सासऱ्यांची दृष्टी मागते, दुसऱ्याने त्यांचे गेलेले राज्य, तिसऱ्याने वडिलांना शंभर पुत्र, चौथ्याने स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र.

आता यमाचे शब्द पाहा. या चारही वेळा वर देताना तो एक अट घालतो: याचा प्राण सोडून. मुळात ‘विना’ आणि ‘जीवित’ हे शब्द चारही वेळा येतात. पाचव्या वेळी यम म्हणतो की अनुपम असा वर माग, आणि तिथे ती अट नाही. सावित्री हे टिपते. आधीच्या वरांत जो अपवाद होता तो या वेळी घातलेला नाही, हे ती यमाला ऐकवते आणि सत्यवानाचे प्राण मागते. वर सत्यवानापासूनचे शंभर पुत्र यमाने दिलेलेच आहेत. आता प्राण नाकारले तर त्याचेच वचन खोटे पडेल. धर्मराज स्वतःच्या शब्दांत बांधला जातो.

ही गोष्ट भाषांतरात तीन प्रकारे बिघडू शकते, आणि तिन्ही प्रकार साध्या चांगल्या हेतूने घडतात.

पहिला प्रकार सारांशाचा. ‘यमाने तिला आणखी एक वर मागण्यास सांगितले.’ वाक्य शुद्ध आहे, सुटसुटीत आहे. पण यात यमाचे शब्दच उरले नाहीत, तेव्हा अट होती की नव्हती हे कोणालाच कळत नाही. मग शेवट असा वाटतो की यमाला दया आली आणि त्याने प्राण परत दिले. सावित्री हुशारीने जिंकली ही गोष्ट नाहीशी होते आणि ती कृपेची याचना करणारी बाई होते.

दुसरा प्रकार शैलीच्या हौसेचा. शाळेत आपल्याला शिकवलेले असते की एकच शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा करू नये. म्हणून लिहिणारा पहिल्या वेळी ‘याचा प्राण सोडून’ लिहितो, दुसऱ्या वेळी ‘पतीचे आयुष्य वगळता’, तिसऱ्या वेळी ‘सत्यवानाच्या जीविताव्यतिरिक्त’. वाचायला छान. पण चार वेळा तेच शब्द कानावर पडले असतील तरच पाचव्या वेळी त्यांची अनुपस्थिती कानाला जाणवते. शब्द दर वेळी बदलले तर कानाला वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. मुळातही शब्दशः एकच ओळ चारदा येत नाही, वृत्तासाठी ती थोडी फिरते, पण गाभ्याचे शब्द टिकतात. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन चारही वेळा अगदी सारखे ठेवले: ‘याचा प्राण सोडून.’

तिसरा प्रकार घाईचा. चार वेळा एक साचा आला की पाचव्या वेळी हात आपोआप तोच साचा लिहितो. नक्कल करणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. इथे तसे झाले तर पुढचे सावित्रीचे वाक्य निरर्थक होते. हे तपासण्याची रीत सोपी आहे: वाक्य लिहून झाल्यावर सावित्रीचे उत्तर आधी वाचावे आणि मग यमाचे वाक्य त्याला उत्तर देते का ते पाहावे.

आमचा शेवटचा मसुदा तुमच्यासमोर ठेवतो. चौथा वर असा आहे:

यम म्हणाला, ‘बाई, तुझे बोलणे मला फार आवडले. याचा प्राण सोडून चौथा वर माग आणि परत जा.’

पाचवा असा:

यम म्हणाला, ‘तू बोलतेस तसतशी माझी तुझ्यावरची भक्ती वाढते आहे. ज्याला तोड नाही असा वर माग.’

सावित्री म्हणाली, ‘देवा, मागल्या वरांना आपण जी अट घातली होती, ती या वराला घातली नाही. सत्यवान जिवंत होवो, हाच वर मी मागते.’

मोठ्याने वाचताना चौथ्या आणि पाचव्या वराच्या मध्ये कोणतेही स्पष्टीकरण आम्ही घातले नाही. निवेदकाने ‘या वेळी मात्र यम अट घालायला विसरला’ असे सांगितले तर श्रोत्यांचा आणि सावित्रीचाही शोध हिरावून घेतल्यासारखे होते.

म्हणणे, सांगणे, बोलणे

संस्कृतात प्रश्न असो, आज्ञा असो की उत्तर, पाटीवर ‘उवाच’च असते. मराठीत प्रश्नानंतर ‘म्हणाली’ जरा अपुरे वाटते, तिथे ‘तिने विचारले’ हवे. यमाला पाहून सावित्री पहिल्यांदा ‘आपण कोण?’ असे पुसते, तिथे आम्ही ‘विचारले’ घेतले. जिथे माहिती द्यायची आहे तिथे ‘सांगितले’. उरलेल्या बहुतेक सगळ्या ठिकाणी ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’.

गटातल्या काहींना ते कंटाळवाणे वाटत होते. ‘यम गरजला’, ‘सावित्री हुंदका देत उद्गारली’ असे काही घालावे अशी सूचना आली. ती आम्ही स्वीकारली नाही. मूळ ग्रंथ यमाचा आवाज चढला असे म्हणत नाही आणि सावित्री त्या संवादात रडतही नाही. तिचे शब्द शांत आहेत, आणि त्या शांतपणानेच यम वळतो. ‘हुंदका देत’ घातले की तिचा युक्तिवाद आपण काढून घेतला आणि हातात रुमाल दिला, असे होते. शिवाय ‘म्हणाली’ हा शब्द इतका ओळखीचा आहे की कान त्यावर अडत नाही, तो पुढच्या वाक्याकडे जातो. पाटीनेही तेच करायचे असते.

एक सूचना मात्र आपल्या इकडच्या घरांसाठी. हिंदी आणि दखनीच्या सहवासाने आपल्या तोंडी ‘तो मला बोलला’ बसले आहे. घरात चालते. पण पुस्तकी मराठीत ‘ती मला बोलली’ म्हणजे ‘तिने मला टाकून बोलले’, रागावली. ‘यम सावित्रीला बोलला’ असे वाचले तर पुण्याहून आलेला पाहुणा समजेल की यमाने तिला झापले. ‘बोलणे’ ‘शी’बरोबर ठेवावे, ‘सावित्री यमाशी बोलत होती’, आणि शब्द उद्धृत करायचे तिथे ‘म्हणणे’ घ्यावे.

‘म्हणे’विषयीही जपायला हवे. जुन्या काव्यात ‘म्हणे’ हे साधे ‘म्हणतो’ आहे, म्हणून प्राचीन कथेला ते शोभेल असा मोह होतो. पण आजच्या गद्यात ‘सावित्री म्हणे यमामागे चालत गेली’ याचा अर्थ ‘असे ऐकिवात आहे, खरे-खोटे देव जाणे’ असा होतो. एका शब्दाने आख्यानावर संशय बसतो.

तू, तुम्ही, आपण

शेवटचा मुद्दा संबोधनाचा. संस्कृतात ‘त्वम्’ सगळ्यांना चालते, यमाला, राजाला आणि नवऱ्यालाही. मराठीत प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते आणि निवड केली की नाते ठरते. गटात सर्वांत जास्त चर्चा याच गोष्टीवर झाली. यम सावित्रीला ‘तू’ म्हणतो यावर वाद नव्हता. सावित्रीने यमाला काय म्हणावे? मराठीत देवाला आपण ‘तू’ म्हणतो. पण ते भक्ताचे, जवळिकीचे ‘तू’ आहे. सावित्री यमाला पहिल्यांदाच भेटते आहे आणि त्याच्याशी शब्दाला शब्द तोलून बोलते आहे. म्हणून ‘देवा’ हे संबोधन आणि ‘आपण’ हे सर्वनाम आम्ही घेतले. सावित्रीने सत्यवानाशी कसे बोलावे, यावर ज्येष्ठ भगिनींनी ‘तुम्ही’ सुचवले आणि तरुण सभासदांनी ‘तू’. सावित्रीने स्वतः रथातून फिरून वर शोधला होता आणि नारदांनी त्याचे एकच वर्ष उरले आहे असे सांगूनही निवड बदलली नव्हती, हे लक्षात घेता ‘तू’ मूळच्या जवळचे आहे. पण वाचन ऐकायला येणाऱ्या आजींच्या कानाला ते बोचू नये, म्हणून ‘तुम्ही’ ठेवले. ही निवड मूळ ग्रंथाची नाही, आपल्या श्रोत्यांची आहे, आणि वाचनाआधी आम्ही तसे सांगतो.

हे वाचन येत्या रविवारी सायंकाळी याच सभागृहात आहे. निवेदक एक, यम एक, सावित्री एक. पाट्या फारशा ऐकू येणार नाहीत, कारण जिथे आवाज बदलतो तिथे ‘म्हणाला’ आम्ही बरेच कमी केले आहे. फक्त पाचव्या वराच्या वेळी कान देऊन ऐका आणि यम काय म्हणत नाही ते टिपा.